सप्लाय बदलण्याआधी मोटर कधी सुटते ते बघा

गणपतीआधी मखरं कापायची घाई सुरू झाली की साकीनाका, मरोळ, मुलुंडच्या गाळ्यांतून एकच तक्रार कानावर येते: राउटरची मोटर सुटते. उपायही ठरलेला असतो. 24 व्होल्टचा सप्लाय काढा, 36चा लावा, पकड वाढेल. राउटरवाल्यांनो, पैसे घालायच्या आधी एवढंच बघा, मोटर उभी असताना सुटते की पळताना?

उभ्या मोटरची पकड वाइंडिंगमधल्या करंटवर ठरते. आपल्याकडे सर्रास दिसणारी एक स्टेपर मोटर घ्या: 2.8 अँपिअर, 1.13 ओहम, 3.6 मिलिहेन्री. एवढा करंट टिकवायला तिला जेमतेम सव्वातीन व्होल्ट लागतात. ड्राइव्ह तिला पूर्ण 24 व्होल्ट देतो, करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की तोडतो, थोडा उतरला की पुन्हा जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट करतो तेच, फक्त फार भराभर. त्यामुळे 24 लावा नाहीतर 36, उभ्या मोटरचा करंट तोच आणि पकडही तीच. पटत नसेल तर शाफ्टला दांडी लावा, 10 सेंटिमीटरवर बॅग तोलायचा काटा अडकवून ओढा. दोन्ही सप्लायवर मोटर जवळपास एकाच वजनाला सुटेल.

मरोळच्या एका गाळ्यात मीच आधी सप्लाय बदलून बसलो होतो. तरी बिट बदलताना झेड अक्ष हळूहळू खाली यायचाच. मोटर थांबली की करंट अर्धा करणारा ड्राइव्हवरचा बारीक स्विच तसाच राहिला होता. तो फिरवला आणि झेड जागच्या जागी थांबला. मोटर जरा जास्त तापते, पण चालण्यासारखं आहे.

पळताना सुटत असेल तर मात्र व्होल्टेजच बघायचं. वाइंडिंगचं इंडक्टन्स करंटला एकदम चढू देत नाही. या मोटरमध्ये शून्यापासून 2.8 अँपिअर चढायला 24 व्होल्टवर साधारण 0.45 मिलिसेकंद जातात, 36वर 0.3. 200 स्टेपची मोटर मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरली तर एका स्टेपला वेळ मिळतो अवघा अर्धा मिलिसेकंद. त्यात फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. मग करंट पुरता चढायच्या आत पुढची स्टेप येते, जोर कमी पडतो आणि अक्षरं तिरकी कापली जातात.

आठ तारांची मोटर असेल तर गुंडाळ्या सिरीजऐवजी पॅरलल जोडूनही काम होतं. इंडक्टन्स चौथाई होतं, मात्र करंट दुप्पट ठेवावा लागतो, तेव्हा ड्राइव्हला तो झेपतो का हे आधी बघा.

ड्राइव्हवर कमाल 50 व्होल्ट लिहिलं असेल तर 48चा सप्लाय लावू नका. जड गँट्री झटकन थांबते तेव्हा मोटर सप्लायकडे वीज परत ढकलते आणि व्होल्टेज वर जातं. 36 ठेवा. आणि ड्राइव्ह चालू असताना मोटरची तार काढू नका, आधी सप्लाय बंद करून ड्राइव्हवरचा दिवा विझू द्या.