डोक्याला मार लागला, तर आधी गोळी विचारा

राज्याचा आरोग्य विभाग, जिल्हा शल्यचिकित्सक, ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक आणि खाजगी रुग्णालयांचे चालक यांस,



रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आता खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. कुणाची झडप बदललेली असते, कुणाचे ठोके अनियमित असतात, कुणाच्या पायाच्या शिरेत गाठ झालेली असते. या गोळ्या लिहून देताना आपण चुकत नाही. चुकतो ते असा रुग्ण पडून आपल्या दारात येतो तेव्हा.

आमच्या वॉर्डात आलेल्या एका आजींचं उदाहरण देतो. वय सत्तरीच्या आसपास, हृदयात धातूची झडप, त्यासाठी रोज असेनोकुमारॉल. न्हाणीत पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. जवळच्या दवाखान्यात दोन टाके पडले, टीटी दिलं आणि दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही दिलं. उलटी नाही, बेशुद्धी नाही, आजी नीट बोलत होत्या, म्हणून घरी पाठवलं. संध्याकाळी डोकं जड झालं. रात्री त्या जेवताना पेंगू लागल्या, घरच्यांना वाटलं दमल्या असतील. पहाटे हाक मारली तर डोळे उघडेनात. आमच्याकडे आल्या तेव्हा आयएनआर साडेसहाच्या वर होता. त्यांच्यासाठी तो साधारण अडीच ते साडेतीन असायला हवा. आठवड्यापूर्वी जुलाबांसाठी मेट्रोनिडॅझोल दिलं होतं. ते या गोळीचा परिणाम वाढवतं, हे कुणी तपासलं नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्ताचा मोठा थर दिसला. व्हिटॅमिन के, प्लाझ्मा आणि मग ऑपरेशन. आजी वाचल्या, पण उजवा हात अजून घास तोंडापर्यंत नेत नाही.

पहिले काही तास त्या इतक्या ठीक का दिसल्या? म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, आणि मेंदूवरून कवटीच्या आतल्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. हलक्या धक्क्यानेही त्या फाटतात. शिरेतलं रक्त सावकाश झिरपतं आणि मोकळ्या जागेत बराच वेळ साचत राहतं, तोवर मेंदूवर दाब येत नाही. इतरांचं रक्त गोठून फट बुजण्याची शक्यता तरी असते. गोळी चालू असलेल्याचं झिरपत राहतं. म्हणून ‘शुद्धीवर आहे, बोलतोय’ एवढ्यावरून अशा रुग्णाला घरी पाठवता येत नाही. कधीकधी तर लक्षणं काही आठवड्यांनी उमटतात. माणूस गोंधळतो, चालताना तोल जातो, आणि सगळे म्हणतात की वय झालं.

म्हणून कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर पत्त्याच्याही आधी एक प्रश्न छापून घ्या: रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? नाव आठवत नसेल तर गोळ्यांची पट्टी मागवा. उत्तर ‘हो’ असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर काही लक्षण नसलं तरी सीटी स्कॅनचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका अशा रुग्णासाठी मार लागल्यापासून आठ तासांची मुदत धरते. तुमच्याकडे यंत्र नसेल तर टाके घालून थांबू नका, पुढे पाठवा. पेंग, वाढती डोकेदुखी, उलट्या, अडखळतं बोलणं, हातापायाची कमजोरी किंवा झटका असेल तर एक मिनिटही न दवडता १०८. आयएनआरच्या रिपोर्टची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. रिव्हारोक्सॅबान, अपिक्सॅबान, डॅबिगाट्रान घेणाऱ्यांत तर आयएनआर जवळजवळ नेहमीसारखा येऊनही रक्त पातळच असू शकतं. आणि डायक्लोफेनॅक या कुणालाच टोचू नका.

स्कॅन स्वच्छ आला तरी घरच्यांना सांगा की उशिरा रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो. त्या रात्री आजी-आजोबांना एकटं झोपवायचं नाही.

याच रुग्णांच्या नाकातून रक्त येण्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे बहुतेक वेळा घरीच निभावतं. पण आपण ते शिकवत नाही, आणि लोक मान मागे टाकून झोपवतात, कांदा हुंगवतात. रक्त घशात उतरतं आणि किती गेलं ते कळत नाही. बसून पुढे वाकायचं, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडायचं नाही. मधे सोडून बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. तरीही थांबलं नाही, घशातून सतत रक्त येतंय, चक्कर येतेय, किंवा पडल्यानंतर नाकातून रक्त सुरू झालं, तर रुग्णालय गाठायचं.

एवढं सगळं डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात यायला हवं. आज तिथे ‘टॅब. ओडी’ असतं, आणि ते वाचता येत नाही. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: नाकातून थोडं रक्त आलं म्हणून गोळी आपणहून बंद करू नका. धातूच्या झडपेवर गाठ धरली तर ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. पुढचा डोस घ्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि ते रात्री अकरा वाजता विचारता यावं म्हणून त्याखाली असा फोन नंबर छापा, जो त्या वेळी उचलला जाईल.

आपला,
जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करणारा एक फिजिशियन