नावामागचं अक्षर

गावी असलेल्या आईवडिलांची औषधं शहरातून सांभाळणाऱ्यांच्या फोनवर जो फोटो येतो, त्यात बहुतेक वेळा औषधाचं मोठ्या अक्षरातलं नाव तेवढं दिसतं. तेवढ्यावरून ‘हो, हीच गोळी’ असं कळवू नये, असं माझं ठाम मत आहे.

रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० घ्या. त्याच ब्रँडच्या नावापुढे ‘एच’ आलं, तर बहुधा आत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅमही असतं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. ‘एएम’ असेल तर सहसा अम्लोडिपिन. खोक्याचा रंग बऱ्याचदा जवळपास सारखा, ४० हा आकडाही तोच. नुसतं टेल्मिसार्टन लिहून दिलेल्या वडिलांना ‘एच’ची गोळी सुरू झाली, तर सोडियम उतरून थकवा येऊ शकतो, चक्कर येऊ शकते, आणि घरचे त्याचा दोष वयाला देतात.

म्हणून फोटो हवा तो ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’ने सुरू होणाऱ्या बारीक ओळीचा. त्याखाली किती औषधांची नावं आहेत ते आधी मोजा, मग प्रत्येकापुढचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. अम्लोडिपिनच्या ओळीत ‘बेसिलेट’ आणि ‘इक्विव्हॅलंट टू’ असे शब्द येतात. त्यांच्यानंतर लिहिलेले ५ मिलिग्रॅम हीच खरी मात्रा. चमकत्या फॉइलवर दशांशचिन्ह हरवतं आणि २.५ चे २५ दिसतात. फ्लॅश बंद करून, खिडकीपाशी स्ट्रिप थोडी तिरपी धरून फोटो काढायला सांगा. फरक आढळला तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची गोळी आपल्याच मनाने थांबवणंही धोक्याचं.

बॅच नंबर आणि मुदत बऱ्याचदा स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. सुट्या गोळ्या देताना दुकानदाराने तेच टोक कापून ठेवलं, तर आपल्याकडे काहीच उरत नाही. आधी अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढावा. खोक्यावरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. ८ आणि बी, शून्य आणि ओ यांत डोळा फसतो, तेव्हा शंका आली तर दुसरा फोटो मागवा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जात नापास ठरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते, त्यात शोधायला हाच नंबर लागतो. मुदतीत फक्त महिना दिला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं.

साठवणुकीच्या ओळीत ‘मॉइश्चर’ शब्द शोधा. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेतं. ही गोळी आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवली, तर कोकणातल्या पावसाळ्यात मऊ पडू शकते. एकेक गोळी फॉइलसकट कापून ठेवणं त्याहून वाईट, कारण नजर अधू असलेलं माणूस ती आवरणासकट गिळू शकतं आणि धारदार कडेने अन्ननलिकेला इजा होते. त्या गोळीच्या खणात नुसती चिठ्ठी ठेवावी, आणि गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावी.