भाडे थांबवू नका, कापा, पण कायद्याने

यंदा गळालं तर भाडं बंद, असं म्हणणारे भाडेकरू धाराशिवात दर पावसाळ्यात भेटतात. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे अतिवृष्टी झाली तेव्हा तर अनेकांनी हे मनावरच घेतलं असेल. राग समजण्यासारखा आहे. माळवदातून पाणी भिंतीत उतरतंय, वायरिंगच्या बोर्डाला हात लावायची भीती वाटते आणि मालक म्हणतो, "बघू दिवाळीनंतर." पण घर गळतं म्हणून भाडं थांबवायचा हक्क आपल्या कायद्यात नाही. हक्क आहे तो दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापण्याचा, आणि त्याची वाट अरुंद आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 14 सांगते की घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम आहे. मात्र भाडेकरूने करारात त्याच्या उलट कबूल केलेले नसावे. तुमच्या स्टॅम्पपेपरवर 'किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरूने करावी' अशी ओळ असेल, तर बाकीचा लेख तुमच्या कामाचा नाही. ही ओळ टंकलेखकाच्या तयार नमुन्यातून येते आणि सही करताना कोणी वाचत नाही.

ओळ नसेल, तर मालकाला लेखी नोटीस द्यायची. काय बिघडले, कुठल्या खोलीत, कधीपासून, हे साध्या भाषेत लिहा. सोबत तारखेसह फोटो ठेवा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने काम केले नाही, तरच तुम्ही स्वतः ते करून खर्च कापू शकता. तोंडी सांगितले, फोनवर दहा वेळा बोललो, हे कोर्टात सिद्ध करता करता नाकीनऊ येतात.

आता आकडा. समजा भाडे महिना 5000, म्हणजे वर्षाचे 60,000. कायदा म्हणतो, एका वर्षात कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ नये. म्हणजे 15,000. माळवदाची माती काढून वॉटरप्रूफिंग करायला 24,000 लागले, तर या वर्षी 15,000 कापायचे आणि उरलेले 9,000 पुढच्या वर्षावर टाकायचे. बिले, मजुरीच्या पावत्या आणि हिशेब ठेवा, कारण त्या हिशेबाला कायद्याने पक्के वजन दिले आहे. माझ्या मते एकदम तीन महिने भाडे न देण्यापेक्षा दरमहा 1,250 कापून 3,750 बँकेतून पाठवणे शहाणपणाचे. दर महिन्याला भाडे पोचल्याची नोंद राहते आणि 'भाडे थकवले' असे म्हणायला मालकाला जागा उरत नाही.

थकवले तर काय होते? मालक मागणीची नोटीस देतो. नव्वद दिवसांत भरणा झाला नाही, तर तो ताब्याचा दावा लावू शकतो. समन्स मिळाल्यावर आणखी नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिलात, तर बेदखली टळते. 'घर गळत होते' ही तक्रार खरी असूनही ती थकबाकीचे उत्तर होत नाही. आणखी एक धोका म्हणजे रागाच्या भरात पत्रे काढून स्लॅब टाकणे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले, तर तेच घर खाली करायला पुरेसे कारण होते.

ही सगळी सवलत भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतो. नोकरीनिमित्त आलेले शिक्षक, एसटीचे कर्मचारी, स्पर्धा परीक्षेची मुलं बहुतेक याच करारावर राहतात. त्यांना कलम 14 चा आधार नाही, करारात जे लिहिले तेवढेच. मुदत संपल्यावर राहिलात, तर दुप्पट शुल्काची तरतूदही मालकाच्या बाजूने आहे. खेड्यात, जिथे भाडे कायदा लागू नाही, तिथे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 पाहावे लागते. तिथे मालक दुरुस्तीला बांधील असल्याचे आधी दाखवायला लागते.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही हे खरे आहे. तरीही नोटिशीला उत्तर न देणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. भाडेवाढीची बोलणी वेगळी, गळती वेगळी.

नोटीस लिहिण्याआधी करार एकदा नीट वाचा, आणि मजकुरात लायसन्स, दुरुस्ती हे शब्द कुठे आहेत ते पाहा. शंका असेल तर धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.