शिक्का कुणाचा, होकार कशाला?

17 जुलै 1981 रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात वरून टांगलेले दोन पादचारी पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि 114 माणसे दगावली. जोडातल्या चुकीचे उदाहरण म्हणून स्ट्रक्चरल अभियंत्यांना ही दुर्घटना पाठ असते. आम्ही तिच्याकडे निर्णयाच्या नोंदीच्या अंगाने पाहतो आहोत, कारण काय तुटले आणि का तुटले हे चौकशीत नेमके कळले, पण बदलाला होकार दिला कुणी, यावर दोन्ही बाजू शेवटपर्यंत वेगवेगळे सांगत राहिल्या. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली अखंड सळी चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूलही धरणार होती. चौथ्या मजल्याच्या पुलाखालचा नट जागेवर न्यायचा, तर तिथपर्यंतच्या सगळ्या सळीला आटे पाडावे लागणार होते. हा खटाटोप टाळायला एका सळीच्या दोन झाल्या: वरची छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालची चौथ्या मजल्याच्या तुळईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. फॅब्रिकेटरचे म्हणणे, फोनवर विचारून परवानगी घेतली होती. अभियंत्यांचे म्हणणे, असा फोन आलाच नाही. बदल दाखवणारी शॉप ड्रॉइंग्ज फेब्रुवारी 1979 मध्ये अभियंत्यांकडे गेली आणि त्यांचा शिक्का बसून परत आली.

म्हणजे कागद होता, त्यावर शिक्काही होता. आमच्या मते, कागदावर शिक्का असला की पुरे, ही आपली नेहमीची समजूत इथेच अपुरी पडते. ड्रॉइंगवर नवा आकार दिसतो. तो आधीच्यापेक्षा वेगळा का, आणि वेगळा झाल्याने कुठला भार कुठे सरकला, हे त्यावर नसते. शिक्का मारणाऱ्याने हा बदल पाहून मान्य केला, की गठ्ठ्यातले एक पान म्हणून पुढे ढकलला, हेही त्यावरून कळत नाही. हाच निर्णय नोंदवहीत लिहायचा असता तर नोंद साधारण अशी झाली असती. निर्णय: अखंड सळीऐवजी दोन सळ्या. कारण: लांब सळीला आटे पाडणे आणि उभारणीत ते शाबूत ठेवणे अवघड. सोडलेला पर्याय: अखंड सळी, मूळ आराखड्याप्रमाणे. परिणाम: चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर आधी एकाच पुलाचा भार होता, आता दोन्ही पुलांचा. जोडाची फेरतपासणी: कुणी, कधी, कुठल्या पानावर. संमती: नाव, हुद्दा, तारीख, आणि होकार नेमक्या कोणत्या ड्रॉइंगच्या कोणत्या आवृत्तीला.

या नोंदीतले ‘परिणाम’ हे वाक्य लिहिणाऱ्याला भार सळीतून कसा उतरतो याचा विचार करावाच लागतो, आणि तो केला की दुप्पट झालेला भार लपत नाही. त्यापुढची फेरतपासणीची जागा कोरी राहिली, तर ती कोरी आहे हे सही करणाऱ्याला दिसते. नोंद लिहिली असती तर अपघात टळलाच असता, असा आमचा दावा नाही. चौकशीत आढळले की मूळ जोडही शहराच्या इमारत नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होता. बदलाने तो आणखी निम्म्यावर आला. पण फेरतपासणी झाली असती, तर हा आधीचा दोषही त्याच आकडेमोडीत सापडण्याचा संभव होता.

साइटवरून दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा: रोज पन्नास गोष्टी ठरतात, प्रत्येकीची नोंद कोण लिहीत बसणार? प्रत्येकीची लिहूच नये. फरशीच्या सांध्याचा रंग मिनिट्समध्ये राहिला तरी चालतो. भाराची वाट, जोड, साहित्याचा दर्जा किंवा कामाचा क्रम बदलत असेल तर मात्र स्वतंत्र क्रमांकाची नोंद हवी. दुसरा आक्षेप सहसा दबक्या आवाजात येतो: लिहिले की अडकलो. ही भीती खोटी नाही, पण कॅन्सस सिटीत न लिहिल्याने कुणी सुटले नाही. जबाबदार अभियंत्यांचे मिसुरी राज्यातले परवाने गेले, आणि ‘आम्हाला विचारलेच नव्हते’ हे दाखवायला त्यांच्या हातीही काही नव्हते. शिवाय चांगल्या नोंदीत असहमतीलाही जागा असते. सल्लागाराने ‘फेरतपासणीनंतरच’ म्हटले असेल, तर तेच शब्द लिहावेत. त्याचे ‘मान्य’ करू नये.

राहिला फोन, आणि आजकाल व्हॉट्सअॅपवरचा अंगठा. अंगठा म्हणजे ‘वाचले’ की ‘करा’, हे सहा महिन्यांनी पाठवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. फोनवर ठरले तर ज्याने विचारले त्याने त्याच दिवशी नोंद लिहून समोरच्याला पाठवावी, आणि लेखी उत्तर येईपर्यंत तिची स्थिती ‘प्रस्तावित’ ठेवावी. उत्तर आले नाही म्हणजे संमती धरू नये. त्या नोंदीवरून फॅब्रिकेशन सुरू करू नये. पुढे निर्णय फिरला तर जुनी नोंद खोडू नये. तिच्यावर ‘रद्द, पाहा नोंद क्रमांक अमुक’ असे लिहून नवी करावी, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तुळई उघडणाऱ्याला आत दोन सळ्या का आहेत हेही कळेल आणि एक अखंड सळी का सोडली हेही.