“मी वेडा आहे काय?”

गेल्या आठवड्यात एक ताई जयभीम करून बसल्या नि रडू लागल्या. नवऱ्याला समुपदेशकाकडे चला म्हटले, तर ते उसळले, “मी वेडा आहे काय?” आम्ही विचारले, कधी म्हणालात? ऐन भांडणात! मग ते शिवीसारखेच लागणार. आम्ही सुचविले, रविवारी वंदना आटोपल्यावर शांतपणे म्हणा, “पोराच्या फीवरून आपले रोज वाजते. मला मार्ग सापडत नाही. एकदाच माझ्याबरोबर चला.” समुपदेशक गोळ्या देत नाही, निवाडा करीत नाही, दोघांचे ऐकतो, हेही सांगा. तरी नाहीच म्हणाले, तर आधी तुम्ही एकट्या जा. मात्र मारहाण असेल तर जोडीने बसणे धोक्याचे. तिथे बोलल्याची शिक्षा घरी बाईलाच मिळते. आम्ही तेही विचारले. तसे नव्हते.