नियमित देयके आणि पतइतिहास नसलेल्यांची कर्जपात्रता

पूर्वी कधीही कर्ज न घेतलेल्या व्यक्तीची परतफेडीची क्षमता घरभाडे, वीजबिल, दूरध्वनी बिल अशा नियमित देयकांवरून जोखण्याच्या पद्धतीस पर्यायी पतमूल्यांकन म्हणतात. भारतात सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांचा ३०० ते ९०० दरम्यानचा गुणांक मुख्यतः कर्जे व क्रेडिट कार्डे यांच्या परतफेडीवरून ठरतो. भाडे किंवा वीजबिल वेळेवर भरल्याने तो सामान्यतः तयार होत नाही.

या देयकांचा उपयोग होतो तो बँक खात्याच्या उताऱ्यामार्फत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेतून हा उतारा ग्राहकाच्या संमतीने कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवता येतो. समजा, एका भाडेकरूचे वेतन २२,००० रुपये आहे आणि तो दरमहा ८,००० रुपये भाडे व १,५०० रुपयांची बिले खात्यातून भरतो. उरलेल्या १२,५०० रुपयांतून घरखर्च वजा जाता किती हप्ता झेपेल, याचा अंदाज संस्थेला बांधता येतो.

तेच भाडे रोखीने दिल्यास उताऱ्यात त्याची खूण राहत नाही. वीजजोडणी बहुधा घरमालकाच्या नावे असल्याने नुसते बिल भाडेकरूचा पुरावा ठरत नाही. प्रीपेड रिचार्जचे पैसे आगाऊ दिलेले असतात. त्यावरून उधारी फेडण्याची सवय कळत नाही.

केवळ पतइतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सुचविले आहे. मंजुरीचा निर्णय मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेचाच असतो.