'कधीच'चे इंग्रजी

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि येथल्या मराठी माणसाच्या वाट्याला इंग्रजी निवेदन आले. तक्रार मराठीतली, कागद इंग्रजीतला. या कागदांत जेथे जोर द्यायचा तेथेच वाक्य लंगडते, असा आमचा कचेरीतल्या दीर्घ सेवेतला अनुभव आहे. 'नेव्हर', 'हार्डली', 'नॉट ओन्ली' हे शब्द आरंभी येतात, पण पुढचे क्रियापद जागचे हलत नाही.

याचा दोष आम्ही लिहिणाऱ्याला देत नाही, शिकवणाऱ्याला देतो. शाळेत हा प्रकार 'वाक्यरूपांतर' या नावाखाली दोन गुणांसाठी घोकून घेतला जातो. शब्द पुढे आणा, सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी ठेवा, झाले! असे का करावे आणि केव्हा करू नये, हे कोणी सांगत नाही. ते मराठीतून सांगता येते, हे तर मानलेच जात नाही.

एक वाक्य घेऊ. 'आम्हांला उत्तर मिळालेले नाही' हे साधे विधान. 'आम्हांला उत्तर कधीच मिळालेले नाही' म्हणताच एका 'च'ने सारा भार पेलला. इंग्रजीजवळ हा 'च' नाही. तिथे 'वुई हॅव नेव्हर रिसीव्ह्ड अ रिप्लाय' हे झाले साधे विधान. जोर हवा तर 'नेव्हर' पुढे येतो आणि 'हॅव'ला ओढून आणतो: 'नेव्हर हॅव वुई रिसीव्ह्ड अ रिप्लाय'. 'नेव्हर वुई हॅव' लिहिले तर शब्द पुढे आला, जोर मात्र मागेच राहिला.

ही कोणा व्याकरणकाराची लहर नव्हे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आरंभी काहीही आले तरी क्रियापद बहुधा दुसऱ्या स्थानी येई. जर्मन व डच भाषांत, आपल्या देशात काश्मिरीत, ही रीत आजही आहे. इंग्रजीने ती बहुतेक ठिकाणी सोडली. नकारार्थी किंवा नकाराजवळचा शब्द पुढे आला की मात्र राखली. 20 ऑगस्ट 1940 रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटात वैमानिकांविषयी जे प्रसिद्ध वाक्य उच्चारले, तेही 'नेव्हर'ने सुरू होते आणि त्यातही 'वॉज' कर्त्याच्या आधी आहे.

'हार्डली'ची गोष्ट तर मराठी माणसाला सर्वांत सोपी वाटावी. 'आम्ही सही करतो न करतो तोच खिडकी बंद झाली.' इंग्रजीत: 'हार्डली हॅड वुई साइन्ड व्हेन द विंडो क्लोज्ड'. आपला 'तोच' म्हणजे तेथला 'व्हेन'. तरीही लोक तेथे 'दॅन' लिहितात, कारण शाळेत 'नो सूनर'चा पाठ याच्याच शेजारी घोकलेला असतो. 'सूनर' हे तुलनेचे रूप असल्याने 'दॅन' त्याच्याबरोबर शोभतो. 'हार्डली'त तुलना नाही.

'नॉट ओन्ली'त दोन चुका घडतात. 'त्यांनी नक्कल तर नाकारलीच, शिवाय शुल्कही ठेवून घेतले.' येथे 'नॉट ओन्ली डिड दे रिफ्यूज द कॉपी, दे ऑल्सो केप्ट द फी' असे हवे. 'डिड'ने भूतकाळ स्वतःकडे घेतला, म्हणून 'रिफ्यूज्ड' नको. ही पहिली चूक. दुसरी चूक अतिउत्साहाची. 'केवळ आम्हीच नव्हे, शेजारीही आले' यात 'नॉट ओन्ली' फक्त कर्त्याला चिकटलेला आहे. म्हणून 'नॉट ओन्ली वुई बट ऑल्सो अवर नेबर्स केम' असे सरळच लिहावे. 'हार्डली एनीवन केम' यातही तेच. कसोटी एवढीच की, नकाराचा शब्द कर्त्याला धरून आहे की साऱ्या घटनेला? घटनेला असेल तरच क्रियापद उलटावे.

काही सुशिक्षित म्हणतात की ही रचना जुनाट आहे, निवेदनातून काढूनच टाका. आम्हांला हे मान्य नाही. ज्याचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकले गेले नाही, त्याने जोराने बोलण्याचे साधन आपण होऊन का टाकावे? मात्र ओळीओळीत क्रियापदे उलटली तर निवेदनाचे भाषण होते आणि वाचणारा अधिकारी पान उलटतो. एका अर्जात एकच वाक्य, तेही आखूड आणि मुख्य तक्रारीचे, एवढे पुरे.

म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य करणाऱ्यांना आमचे सांगणे असे: 'कधीच', 'तोच' आणि 'तर... शिवाय' हे येथल्या मुलाला घरीच येतात. तेथून आरंभ करा. जोर कोठे द्यायचा हे त्याला ठाऊक आहे. इंग्रजीत तो क्रियापदावर पडतो, एवढेच शिकवायचे उरते.